शी करायला बसवण्याची सक्ती, चिकट स्वभाव आणि फ्रॉइडचं न तपासता येणारं टोक

प्रश्न: मॅडम, माझी मुलगी एकवीस महिन्यांची आहे. आम्ही लालबागला सासूबाईंबरोबर राहतो. त्या तिला दहाव्या महिन्यापासून रोज सकाळी शीला बसवतात, झाल्याशिवाय उठू देत नाहीत. माझी धाकटी बहीण टीवायला सायकॉलॉजी घेऊन बसलीय. ती म्हणते, गुदावस्थेत सक्ती झाली की मूल मोठेपणी चिकट, हट्टी आणि नको तितकं टापटिपीचं होतं. पण तिच्याच पुस्तकात पुढच्या पानावर लिहिलंय की हे सिद्धांत तपासताच येत नाहीत. मग नक्की काय मानायचं?

उत्तर: सासूबाईंच्या सकाळच्या बैठकीमुळे मुलगी पुढे कंजूष निघेल, याला पुरावा सापडलेला नाही. तो शोधला गेला होता, आणि तरी सापडला नाही. म्हणजे पुस्तकातलं ‘तपासता येत नाही’ हे वाक्यही अर्धंच खरं. गुदावस्था म्हणजे फ्रॉइडच्या मते बाळाचं सुख शी धरण्या-सोडण्याभोवती गोळा झालेलं असतं तो काळ. तिच्याबद्दलच्या त्या एका दाव्यात खरं तर तीन वेगवेगळे दावे एकावर एक रचलेले आहेत. पहिला तपासता येतो आणि बऱ्यापैकी टिकतो. दुसरा तपासता येतो आणि पडतो. तिसरा मात्र कुठूनही हाताला लागत नाही. बहिणीला परीक्षेत याचा उपयोग होईल, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी मूळ गोष्ट. फ्रॉइडने १९०८ साली चारच पानांचा म्हणावा असा एक छोटा लेख लिहिला. त्यात त्याचं निरीक्षण असं होतं की काही माणसांत तीन गुण हातात हात घालून येतात: टापटीप, काटकसर आणि हट्ट. ही माणसं लहानपणाबद्दल जे सांगत, त्यावरून त्याने अंदाज बांधला की त्यांना शीवर ताबा मिळवायला इतरांपेक्षा जास्त वेळ लागला असावा. भांड्यावर बसवलं तरी शी न करता धरून ठेवणारी बाळं असतात ना, त्यांतली ही. कारण धरून ठेवण्यात आणि मग सोडण्यात त्यांना एक शारीरिक सुख मिळत होतं. मोठेपणी ते सुख उघडपणे घेता येत नाही, म्हणून ते रूप बदलून स्वभावात उतरतं, असं त्याचं म्हणणं. धरून ठेवण्याची काटकसर झाली, ‘करणार नाही’चा हट्ट झाला, आणि घाणीच्या ओढीला विरोध म्हणून टापटीप आली.

या लेखात भर आईच्या किंवा आजीच्या कडकपणावर नाही. बाळाच्या उपजत ओढीवर आहे. ‘सक्ती केली की असं होतं’ यावरचा जोर पुढच्या लोकांनी वाढवत नेला. तुमच्या बहिणीच्या पुस्तकात पाच अवस्थांचा जो सुबक तक्ता असेल, मुखावस्थेपासून जननेंद्रियावस्थेपर्यंत, तोही एका दमात तयार झालेला नाही. लैंगिकतेवरचे मूळ निबंध १९०५ चे, त्यांत मुखावस्था आणि गुदावस्थेची मांडणी १९१५ च्या आवृत्तीत आली, आणि लिंगावस्था तर १९२३ मध्ये. आमच्या वेळी हा तक्ता पाढ्यासारखा पाठ करून घेत, त्यामुळे तो एकसंध वाटतो.

आता पहिला दावा: हे तीन गुण खरंच एकत्र येतात का? हे तपासणं अवघड नाही. शेदोनशे माणसांना या तिन्ही गुणांबद्दल प्रश्न विचारायचे आणि एकात जास्त गुण मिळवणारा दुसऱ्यातही जास्त मिळवतो का ते बघायचं. ब्रिटनमध्ये हॅला बेलॉफ यांनी १९५७ मध्ये असा अभ्यास प्रसिद्ध केला, आणि गुणांचा हा जुडगा त्यांना दिसला. नंतरही अनेकांना कमीअधिक प्रमाणात दिसला. आज आम्ही मानसिक आजारांच्या निदानासाठी डीएसएम नावाचं जे पुस्तक वापरतो, त्यात सक्तिप्रधान व्यक्तिमत्त्व विकृतीच्या निकषांमध्ये नेमकेपणाचा अतिरेक, पैसे खर्च करताना हात आखडणं आणि आडमुठेपणा हे तिन्ही शेजारी-शेजारी बसलेले आहेत. म्हणजे फ्रॉइडची नजर तीक्ष्ण होती, हे मी तरी मोकळेपणाने मान्य करते. त्या निकषांत शीचा उल्लेख मात्र कुठेही नाही.

दुसरा दावा: हा जुडगा लहानपणीच्या शी-शूच्या सवयींतून तयार होतो. तुमच्या सासूबाईंचा संबंध येतो तो इथे.

बेलॉफ यांनी हेही पाहिलं. मुलाला ताबा कोणत्या वयात आला आणि मोठेपणी त्याचा स्वभाव या जुडग्यात किती बसतो, यांचा संबंध त्यांना लागला नाही. मग संबंध कशाशी लागला? आईच्या स्वतःच्या स्वभावाशी. आई टापटिपीची, चिकट, हट्टी असेल तर मूलही तसं असण्याकडे कल होता. हे रक्तातून आलं की घरात रोज बघून आलं, ते या अभ्यासावरून सांगता येत नाही. पण भांड्यावरून आलं नाही, एवढं दिसलं.

याहून मोठी तपासणी त्याआधीच झाली होती. माझ्या मते सायकॉलॉजीच्या प्रत्येक विद्यार्थ्याने ती एकदा हाताने सोडवून बघावी. विल्यम स्यूअल या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९५२ मध्ये विस्कॉन्सिन राज्यातल्या शेतकरी कुटुंबांतल्या १६२ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मुलं पाच-सहा वर्षांची. आयांना विचारलं: अंगावर पाजलं की बाटलीने, दूध हळूहळू तोडलं की एकदम, शी-शूची सवय कधी लावायला घेतली, कपड्यात झाली तर शिक्षा केलीत का, मूल आईजवळ झोपायचं का. दुसऱ्या बाजूला मुलांच्या व्यक्तिमत्त्वाच्या चाचण्या घेतल्या, आणि आया व शिक्षक यांची मतं नोंदवली. मग पाजण्या-बसवण्याच्या एकेका पद्धतीची स्वभावाच्या एकेका मोजमापाशी जोडी लावून बघितली. अशा एकूण ४६० जोड्या झाल्या.

त्यांतल्या १८ जोड्यांत संबंध ‘लक्षणीय’ निघाला. ऐकायला अठरा बरे वाटतात. पण इथे थांबून हिशोब करा. संशोधनात ‘लक्षणीय’ म्हणण्याची नेहमीची पट्टी पाच टक्क्यांची असते. म्हणजे प्रत्यक्षात काहीही संबंध नसला तरी निव्वळ योगायोगाने शंभरातल्या सुमारे पाच जोड्या या पट्टीच्या आत येतातच. ४६० चे पाच टक्के किती? तेवीस. म्हणजे डोळे मिटून चिठ्ठ्या उचलल्या असत्या तरी तेवीसच्या आसपास ‘संबंध’ हाती लागले असते. स्यूअलला त्याहून कमीच मिळाले. आणि त्या अठरांतले अकरा अपेक्षित दिशेने होते, उरलेले सात चक्क उलट दिशेने.

या अभ्यासाच्याही मर्यादा आहेत, त्या झाकायच्या नाहीत. आयांना चार-पाच वर्षांपूर्वीचं आठवून सांगायचं होतं, आणि आईची आठवण सोयीने बदलते. (माझी आई छातीठोकपणे सांगते की मी नऊ महिन्यांत सगळं सांगायला लागले. मावशीचं म्हणणं वेगळं आहे.) मुलं जेमतेम बालवाडीतून बाहेर पडलेली, म्हणजे मोठेपणीचा स्वभाव यात बघितलाच नाही. सगळी कुटुंबं एकाच प्रकारची, त्यामुळे फार कडक आणि फार सैल अशी टोकं कमी सापडली असतील. तरी ज्या सिद्धांतानुसार या सवयी माणसाचा आयुष्यभराचा साचा घडवतात, त्याचा निदान थोडा रंग तरी पाचव्या वर्षी दिसायला हवा होता.

म्हणजे हा दावा तपासता येत होता. तपासला आणि उभा राहिला नाही.

खरी गंमत यानंतर होते. असा निकाल आला की सिद्धांताचा समर्थक काय म्हणतो? तो म्हणतो, तुम्ही बाहेरची सक्ती मोजलीत, पण महत्त्वाची आहे ती बाळाची उपजत ओढ. काही बाळांत ती जन्मतः तीव्र असते, त्यांना थोडी सक्तीही पुरते. काहींत मंद असते, त्यांच्यावर कितीही सक्ती करा, फरक पडत नाही. ठीक आहे, १९०८ च्या लेखात तसा आधारही आहे. मग आपण विचारू, एखाद्या बाळात ही ओढ किती आहे ते मोजायचं कसं? याचं उत्तर शेवटी असं निघतं की मोठेपणी तो चिकट आणि हट्टी झाला ना, म्हणजे ओढ तीव्र असणार. हे वर्तुळ आहे. ज्याचं कारण सांगायचं तोच कारणाचा पुरावा झाला.

तिसरा दावा इथे सुरू होतो. अबोध मनात कामशक्ती त्या टप्प्यावर अडकून पडते आणि तिथूनच स्वभावाला रसद पुरवत राहते. हिला मोजपट्टी नाही. आणि पट्टी असती तरी एक पळवाट आधीच बांधून ठेवलेली आहे, तिचं नाव प्रतिक्रिया-निर्मिती. नकोशी इच्छा मन नेमक्या उलट वागण्याखाली लपवतं, ही ती कल्पना.

ही पळवाट कशी चालते ते मी उमेदवारीच्या दिवसांत इतक्या जवळून पाहिलंय की ते टेबल अजून डोळ्यांसमोर आहे. मुंबईतल्याच एका सार्वजनिक रुग्णालयात आम्ही शिकाऊ म्हणून होतो. बुधवारी दुपारी वरिष्ठांसमोर केसेस मांडायच्या. एका बुधवारी मी एका बँकेतल्या रोखपालाची केस घेऊन गेले. हा गृहस्थ घरी पाकिटातल्या नोटासुद्धा सगळ्या एकाच बाजूला तोंड करून लावायचा. एक जरी उलटी दिसली तरी पुन्हा पहिल्यापासून. बायको चिल्लर मागायला आली की याच्या पोटात गोळा. वरिष्ठ म्हणाले, ‘उघड आहे. गुदावस्थेत अडकलाय.’ त्यानंतर माझ्या मैत्रिणीने एका कॉलेजातल्या मुलाची केस मांडली. त्याच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती, पॉकेटमनी तीन दिवसांत उडवायचा, जेवलेली ताटं पलंगाखाली. वरिष्ठ म्हणाले, ‘हाही गुदावस्थेचाच. इथे धरून ठेवणं नाही, बाहेर टाकणं आहे.’ तिसरी केस एका बाईंची होती. ऑफिसचं टेबल आरशासारखं, घरातलं कपाट उघडलं की अंगावर पडेल. मला वाटलं, आता सरांची अडचण होणार. ती झाली नाही. एका जागी मूळ इच्छा, दुसऱ्या जागी तिची प्रतिक्रिया, असं त्यांनी तिथल्या तिथे लावून दिलं.

मी तेव्हा चोवीस वर्षांची. धीर करून विचारलं, ‘सर, कसा माणूस आला असता तर आपण म्हणालो असतो की इथे गुदावस्थेचा संबंध नाही?’ सर हसले आणि त्यांनी चहा मागवला. माणूस फार भला होता, रुग्णांशी बोलताना तर देवमाणूस. पण माझ्या प्रश्नाचं उत्तर आलं नाही, आणि पुढच्या बुधवारी मी तो पुन्हा विचारला नाही.

विज्ञानाचा तत्त्वज्ञ कार्ल पॉपर याने याच गोष्टीवर बोट ठेवलं होतं. त्याचा मुद्दा असा की जो सिद्धांत माणसाच्या कोणत्याही वागण्याचं कारण देऊ शकतो, त्याची ती ताकद नसून दुबळेपणा आहे. विज्ञानातलं विधान काहीतरी मनाई करतं. ‘असं घडणार नाही’ म्हणतं, आणि तसं घडलं तर मान खाली घालतं. आमच्या त्या तीन केसेसमध्ये काहीच मनाई नव्हती.

पण बहिणीला सांगा, फक्त पॉपर लिहून थांबू नकोस. अडॉल्फ ग्रुनबाउम या तत्त्वज्ञाने १९८४ मध्ये पॉपरला सडेतोड उत्तर दिलं. तो फ्रॉइडचा भक्त नव्हता, उलट टीकाकारच. त्याचं म्हणणं, फ्रॉइडच्या लिखाणात खोटी ठरू शकतील अशी विधानं आहेत. फ्रॉइडने स्वतः १९१५ मध्ये एका बाईच्या संशयविकाराची केस छापली, आणि तिच्या शीर्षकातच म्हटलं की ही केस आपल्या सिद्धांताच्या विरुद्ध दिसते. म्हणजे काय घडलं तर आपण चुकतो, हे त्याला ठाऊक होतं. (शेवटी विरोध वरवरचाच होता असं त्याने दाखवलं, ते सोडा.) ग्रुनबाउमचा खरा आक्षेप दुसरीकडे होता: पुरावा गोळा करण्याची जागाच दूषित आहे. कोचावरचा रुग्ण आठवड्यामागून आठवडे डॉक्टरचं ऐकतो, डॉक्टरला काय रुचतं ते त्याला कळत जातं, आणि मग त्याला बरोबर त्याच आठवणी येऊ लागतात. अशा आठवणींनी सिद्धांत सिद्ध कसा होणार?

मला स्वतःला पॉपरपेक्षा ग्रुनबाउम जास्त पटतो. कारण दवाखान्यात ही गोष्ट रोज दिसते. रुग्णाला दोनदा ‘लहानपणी वडील कडक होते का?’ असं विचारा, तिसऱ्या भेटीत तो स्वतःहून वडिलांचा पट्टा घेऊन येतो. तो खोटं बोलत नसतो. आपण ज्या कोपऱ्यात दिवा धरतो तिथलंच त्याला दिसतं.

फ्रॉइडला ही अडचण अजिबात दिसत नव्हती असंही नाही. १९२० च्या एका लेखात त्याने कबूल केलंय की शेवटाकडून मागे जात राहिलं तर साखळी अखंड आणि अटळ वाटते, पण सुरुवातीकडून पुढे निघालो तर अमुकच होईल असं सांगता येत नाही, वेगळंही काही झालं असतं असं वाटतं. पूर्ण प्रश्न या कबुलीत आहे. तुमच्या मुलीकडे आज बघून कोणी विश्लेषक तिच्या तिशीतल्या स्वभावाचं भाकीत करू शकत नाही. तिशीत ती जशी होईल, तशी कहाणी मात्र मागे जाऊन विणता येईल. पुढे १९३४ मध्ये एका अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने दमनावरचे आपले प्रयोग कळवले, तेव्हा फ्रॉइडने उत्तर धाडलं की आमच्याकडे भरवशाची निरीक्षणं इतकी आहेत की प्रयोगाने सिद्ध करण्याची गरज नाही, पण त्याने काही बिघडतही नाही.

आपल्याकडचं एक उदाहरण सांगते, कारण घरातलं सोवळंओवळं ज्यांनी पाहिलंय त्यांना ते टोचेल. रांचीच्या युरोपियन मनोरुग्णालयाचे अधीक्षक ओवेन बर्कली-हिल यांनी १९२१ मध्ये एक लेख लिहून हिंदूंचा धर्म, तत्त्वज्ञान आणि स्वभाव यांत गुदावस्थेचा धागा शोधला. आता माझी आजी गिरगावात सोवळं नेसून स्वयंपाक करायची, आम्ही शाळेतून आल्यावर हातपाय धुतल्याशिवाय तिला शिवू द्यायची नाही. या चष्म्यातून ती स्वच्छता म्हणजे घाणीची दडपलेली ओढ. आणि आजी गबाळी असती तर? ती ओढ उघडी पडली, असं म्हटलं असतं. एका माणसावर वापरलेली ही पळवाट कोट्यवधींच्या समाजावर, तेही राज्यकर्त्याच्या खुर्चीत बसून वापरली, की ती किती सैल आहे ते दिसतं.

त्या रोखपालाचं काय झालं, हे सांगायचं राहिलं. त्याला बरं करायला त्याच्या बाळपणात शिरावंच लागलं नाही. व्हिक्टर मेयर या मानसशास्त्रज्ञाने १९६६ मध्ये दोन रुग्णांवर वापरलेली पद्धत पुढे नीट विकसित झाली होती. ज्याची भीती त्याला सामोरं जायचं आणि नेहमीची कृती करायची नाही, एवढंच तिचं सूत्र. आम्ही एक नोट मुद्दाम उलटी ठेवायचो आणि तो हात मांडीखाली दाबून बसायचा. पहिल्या दिवशी घाम फुटला, दहा मिनिटांचे चाळीस झाले. दर पाच मिनिटांनी त्याच्याकडून अस्वस्थता शंभरपैकी किती ते विचारून मी वहीत लिहायचे. पाचव्या-सहाव्या बैठकीपासून आकडे लवकर उतरू लागले. उतरले नसते, तर पद्धत या माणसाला लागू पडत नाही हे आम्हाला त्याच वहीत दिसलं असतं. वरिष्ठांच्या स्पष्टीकरणाला असं पान नव्हतं.

आता तुमच्या घरचं. दहाव्या महिन्यात पायांवर धरून बसवणं आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. त्यात बाळ शिकतं त्यापेक्षा आजीच त्याची वेळ ओळखायला शिकते, आणि ते चांगलंच आहे. बाळाला स्वतःहून कळणं आणि सांगणं साधारण दीड-दोन वर्षांच्या पुढे जमू लागतं, काहींना तिसरं वर्षही पूर्ण होतं. सासूबाईंना एकच बदल सुचवा. झाली नाही तर पाच मिनिटांत उठवायचं. ‘झाल्याशिवाय उठायचं नाही’ यातली अडचण स्वभावाची नाही, पोटाची आहे. जोर करून कडक शी झाली की दुखतं, दुखलं की मूल दुसऱ्या दिवशी धरून ठेवतं, धरल्याने ती आणखी कडक होते, आणि पुढे कपड्यात थोडी-थोडी गळायला लागते. हे चक्र मी बऱ्याच घरांत पाहिलंय.

ते सुरू झालंय का, हे ओळखता येतं. मुलगी कोपऱ्यात जाऊन चवड्यांवर उभी राहते, पाय एकमेकांत घट्ट आवळते, चेहरा लाल होतो. पाहणाऱ्याला वाटतं जोर करतेय, पण ती रोखत असते. असं दिसलं, तीन-चार दिवस शी झाली नाही, किंवा शीला रक्त लागलं, तर माझ्याकडे येऊ नका, आधी बालरोगतज्ज्ञांकडे जा. बहुतेक वेळा शी मऊ राहील असं औषध काही आठवडे द्यावं लागतं, आणि ते दोन दिवसांत बंद केलं की सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं.